फोटोवरून ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ घेताय? या चुका टाळा

ऑक्टोबर जवळ आला की गोव्यातल्या कपड्यांच्या दुकानदारांच्या फोनवर लॉटचे फोटो यायला लागतात. म्हापसा, कळंगुट, हणजूण, सगळीकडे तोच प्रकार. पोलो टी-शर्ट टेबलावर पसरलेले, गळ्याजवळच्या लेबलाचा जवळून घेतलेला फोटो आणि खाली एक ओळ: ‘तिरुपूरचा ओरिजिनल एक्स्पोर्ट सरप्लस, मर्यादित माल’. बहुतेक चुका हा फोटो उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच होतात.

चूक पहिली: लेबल झूम करून ‘ओरिजिनल आहे’ म्हणणे

सरप्लस, म्हणजे निर्यातीच्या ऑर्डरमधून उरलेला माल, तयार कसा होतो, ते आधी समजून घ्यावे लागते. परदेशी ब्रँडने दहा हजार पोलो मागवले, तर कारखाना नेमके दहा हजार कापत नाही. शिलाईत, धुलाईत काही पीस खराब होणार हे धरून थोडा जास्त कपडा कापला जातो. खराबी कमी निघाली की चांगले पीस उरतात. हा ओव्हररन. डाग, सुटलेला टाका, कॉलरची वेगळी छटा यांमुळे बाजूला काढलेले ते सेकंड्स. आणि कधी पूर्ण लॉटच नाकारला जातो. दहा हजारांच्या लॉटमधून तपासनीस साधारण २०० पीस काढतो आणि नेहमीच्या २.५ एक्यूएल पातळीवर, म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे त्या ठरलेल्या मर्यादेत, मोठे दोष असलेले दहापर्यंत पीस चालवून घेतो. अकरावा सापडला की लॉट नापास. म्हणजे नाकारलेल्या लॉटमधले बहुतेक पीस धडधाकट असू शकतात.

या सगळ्यात कापड तेच, शिलाई तीच, लेबलही तेच. खऱ्या मालात आणि सरप्लसमध्ये फरक आहे तो ब्रँडने तो पीस विकायला परवानगी दिली की नाही, एवढाच. परवानगी कापडावर दिसत नाही.

आता दुसरी बाजू. नकली माल शिवणाऱ्याला लेबल विणून घेणे अवघड नाही, आणि कारखान्यात उरलेली अस्सल लेबलेही बाजारात फिरतात. त्यामुळे खोट्या टी-शर्टवर खरे लेबल असू शकते. ब्रँड आग्रह धरतात म्हणून सरप्लसचे लेबल अनेकदा मधोमध कापतात किंवा त्यावर मार्करची रेघ ओढतात. नकलीवाल्यांना हेही ठाऊक आहे, म्हणून तेही लेबल कापतात. कापलेले लेबल बघून खूश होणारा गिऱ्हाईक मला दर सीझनला भेटतो.

चूक दुसरी: वाकड्या शिलाईवरून निकाल देणे

‘शिलाई वाकडी, म्हणजे नकली’ असे छातीठोकपणे सांगणारे खूप. पण वाकड्या शिलाईमुळेच तर पीस सेकंड्समध्ये गेला असेल! उलट चांगल्या मशीनवर शिवलेला नकली पोलो फोटोत सरळ रेषेसारखा दिसतो. दोष ना इकडचा पुरावा, ना तिकडचा.

फोटोत काही गोष्टी येतच नाहीत: कापडाचे वजन, धुतल्यावर आटणे, बाजूची शिवण पिळवटून पोटाकडे येणे. आणि फोटोतला पीस एक, गठ्ठ्यातले पीस भलतेच, हे तर नेहमीचेच. व्हिडिओ कॉलवर दाखवले तरी यात फारसा फरक पडत नाही.

चूक तिसरी: एकच पीस नमुना मागवणे

एक पीस एकटा काही बोलत नाही. पीस एकमेकांशी जुळतात का, तिथे गोष्ट उघडी पडते. म्हणून नमुना मागवताना दोन रंग आणि तीन साइझ मिळून सहा पीस मागवा.

म्हापशातल्या एका दुकानदाराकडचे उदाहरण घेऊ. मध्यस्थ म्हणाला होता, ‘भाऊ, डोळे झाकून घ्या, तिरुपूरचा माल, २२० जीएसएम, शंभर टक्के कॉटन.’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. सहा पीस आले. आधी टॅगवरचे बारकोड पाहिले. एकाच स्टाइल, रंग आणि साइझच्या सगळ्या पिसांवर एकच बारकोड असणे ठीक असते. साइझ बदलली की आकडा बदलायला हवा. इथे मीडियम आणि एक्स्ट्रा लार्जवर एकच आकडा होता. मग आतल्या बाजूच्या शिवणीतले वॉशकेअर लेबल. त्यावर देश, कापडाचे मिश्रण आणि स्टाइल नंबर असतो. देश छापला होता बांगलादेश. तिरुपूर तमिळनाडूत आहे.

नंतर कापड. आतल्या बाजूच्या उरलेल्या कापडातून धागा काढून जाळला. शिवणीचा दोरा जाळू नका, तो कॉटनच्या कपड्यातही बहुधा पॉलिएस्टरचा असतो. कॉटन कागदासारखे जळून राख होते. हा धागा वितळून कडक मणी झाला. मग एका पिसातून दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला. ग्रॅमला शंभरने गुणले की जीएसएम मिळतो. काट्यावर आले १.७ ग्रॅम, म्हणजे १७०.

शेवटचा प्रश्न फोनवर विचारला: ‘आणखी किती मिळतील?’ उत्तर आले, ‘हवे तेवढे, सगळ्या साइझमध्ये.’ सरप्लस हवा तेवढा कधीच नसतो. नाकारलेला अख्खा लॉट सोडला, तर उरलेला माल तुटक्या साइझमध्ये येतो: लार्ज चाळीस, स्मॉल तीन, एक रंग गायब. पूर्ण सेट आणि पुन्हा पुन्हा पुरवठा म्हणजे कोणीतरी आत्ता शिवतोय.

त्याच महिन्यात दुसरा लॉट आला. साइझ तुटक्या, बारकोड साइझप्रमाणे बदललेले, लेबल आणि कापड जुळणारे, काही पिसांच्या कॉलरची छटा किंचित वेगळी. इथे त्याने लगेच ‘हा सरप्लसच’ असे ठरवले नाही, ते बरे केले. वरच्या तपासण्या एकाच दिशेने चालतात. काही जुळले नाही तर गोष्ट खोटी ठरते. सगळे जुळले तर ती फक्त खोटी ठरली नाही, इतकेच.

चूक चौथी: बिल न घेता लेबलासकट विकणे

व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम १०४ नुसार खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. सुटायचे तर वाजवी खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती, माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, अशा गोष्टी दाखवता यायला हव्यात. ‘रेडीमेड गारमेंट, ३०० नग’ एवढेच लिहिलेले बिल इथे फार कामाला येत नाही. बिलावर स्टाइल नंबर हवा, विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक हवा, आणि त्याने तो माल कारखान्याकडून घेतल्याच्या बिलाची प्रत मागून घ्यावी. ब्रँडचे विक्रीला परवानगी देणारे पत्र असेल तर उत्तम, पण ते क्वचितच दिसते. बारकोड, लेबल, कापड सगळे जुळले तरी हे कागद त्यातून तयार होत नाहीत.

म्हापशाच्या त्या दुकानदाराला दुसऱ्या लॉटचे कागद मिळाले नाहीत. त्याने भाव ब्रँडचा नाही, कापडाचा लावला. एक पीस घरी धुऊन पाहिला: आधी पंचवीस सेंटिमीटरची खूण केली होती, वाळल्यावर ती चोवीस भरली, म्हणजे चार टक्के आटला. तेवढ्याला तो तयार होता. गळ्याची लेबले आणि टॅग काढून, साधे पोलो म्हणून त्याने माल हँगरवर लावला. छातीवर ब्रँडचे चिन्ह भरलेले पीस मात्र लेबल काढूनही सुटत नाहीत. ते त्याने परत पाठवले.