उत्पन्नाचा दाखला अडकला तेव्हा

मुलीच्या फीसवलतीसाठी सेतूतून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला होता. मुदत पंधरा दिवसांची. एकोणिसाव्या दिवशीही दाखला नाही, मोबाईलवर मेसेजही नाही.

मग पावतीवरचा अर्ज क्रमांक 'आपले सरकार' पोर्टलवर टाकून पाहिला. रेशनकार्डाची स्कॅन प्रत वाचता येत नाही म्हणून अर्ज आठव्या दिवशीच परत आला होता! मेसेज गेला सेतूवाल्याच्या नंबरवर, कारण अर्जात त्यानं स्वतःचाच नंबर टाकलेला. (पावती घेताना नंबर बघून घ्या.) त्याच संध्याकाळी स्वच्छ प्रत चढवली. मुदत मोजतात ती पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून, त्यामुळे माझे नवे पंधरा दिवस तिथून सुरू झाले.

तेही संपले. आता त्रुटी काहीच नव्हती, म्हणून काउंटरवर वाद न घालता लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली पोर्टलवरूनच पहिलं अपील केलं. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत ते करावं लागतं. अपिलात अर्ज क्रमांक, प्रत चढवल्याची तारीख आणि मुदत संपल्याची तारीख, एवढंच लिहिलं. तक्रारीचा पाढा वाचला नाही. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. चौथ्या दिवशी सहीचा दाखला डाउनलोड झाला.