यादीची राजकीय कविता कशी बांधावी

सभेत किंवा मोर्चात म्हणायची कविता लिहिणारे बहुतेकजण कधी ना कधी यादीकडे वळतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तेच शब्द घ्यायचे (याला ॲनाफोरा म्हणतात) आणि पुढे एकेक गोष्ट जोडत जायची. हे सोपं वाटतं, आणि म्हणूनच अशा कविता ढिगाने पडतात. यादीला बांधा कसा द्यायचा, हे महात्मा फुल्यांकडून शिकता येतं. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या या ओळी बहुतेकांना पाठ असतात:

विद्येविना मति गेली; मतिविना नीति गेली;
नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

आधी एक प्रयोग करा. यातली कुठलीही दोन वाक्यं अदलाबदल करून म्हणा. लगेच अडखळाल, कारण जे गेलं त्याच्याच अभावाने पुढचं वाक्य सुरू होतं. इथे क्रम हाच युक्तिवाद आहे.

आता क्रियापदं पाहा. ‘गेली’, ‘गेली’, ‘गेली’, ‘गेले’ असं चारदा ऐकून कान पाचव्यांदाही तेच धरून बसतो, आणि तिथे ‘खचले’ येतं. तोवर मती, नीती, गती, वित्त अशा गोष्टीच जात होत्या. पाचव्या वाक्यात पहिल्यांदा माणसं येतात. ठेका मोडायची जागा फुल्यांनी नेमकी तीच निवडली. मग ‘इतके’ म्हणून सगळ्याची बेरीज, त्यासमोर ‘एका’, आणि आरंभीच्या विद्येसमोर अविद्या. सहा वाक्यांत हिशेब पुरा.

तुमच्या कवितेसाठी पहिलं काम म्हणजे आरंभीचा शब्द शोधणं. तो भारदस्त नको. ज्याच्या पुढे साधी वस्तू सहज बसेल असा हवा. समजा ‘कागदावर’ घेतला. पहिल्या झपाट्यात बहुधा असं उतरतं:

कागदावर विकास आहे
कागदावर न्याय आहे
कागदावर समता आहे

अदलाबदलीची कसोटी लावा. कुठलीही ओळ कुठेही ठेवली तरी काही बिघडत नाही, म्हणजे अजून यादीच आहे, कविता नाही. शिवाय तिसरी ओळ ऐकणाऱ्याने आधीच ओळखलेली असते. मोठ्याने वाचताना समोरचा तुमच्याआधी मान डोलावू लागला, तर रोग हाच.

उपाय असा की भाववाचक नामं काढून एका गावातली, एका घरातली वस्तू घ्यायची आणि तिच्यातूनच पुढची काढायची:

कागदावर विहीर आहे
कागदावर विहिरीला पंप आहे
कागदावर पंपाला वीज आहे
कागदावर विजेचं बिल आहे
बिल मात्र दारात आलंय

शेवटच्या ओळीत ‘कागदावर’ नाही, म्हणूनच ती लागते. पण त्याआधी तो शब्द पुरेसा मुरलेला हवा. दोनदा म्हणून मोडलात तर मोडल्याचं कळतच नाही. फार ताणलंत तर लोक चुळबुळ करतात. साखळीच्या यादीला तीन-चार फेऱ्या बहुधा पुरतात.

लांब यादी लिहायचीच असेल तर साखळी सोडावी लागते, आणि मग तिला दुसरा ताण लागतो. पॉल एल्यूआर या फ्रेंच कवीने १९४२ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, ‘लिबेर्ते’ प्रसिद्ध केली. शाळेच्या वह्यांवर, बाकावर, झाडांवर, वाळूवर, बर्फावर मी तुझं नाव लिहितो, असं ती वीसएक कडवी सांगत राहते. मधली कडवी इकडची तिकडे केली तरी फारसं बिघडणार नाही. तरीही ती तुटत नाही, कारण कुणाचं नाव ते कवी सांगतच नाही. प्रेमकविता असावी असं वाटत राहतं. खुद्द एल्यूआरच्या मनात आधी एका स्त्रीचंच नाव होतं, असं त्याने नंतर सांगितलं. अगदी शेवटचा शब्द येतो: स्वातंत्र्य. तेव्हा लांब यादीत काहीतरी रोखून धरा. आणि वस्तूंची मापं बदलत ठेवा. वहीनंतर वाळवंट आलं की कान पुन्हा जागा होतो. सगळ्याच गोष्टी एका आकाराच्या असल्या की सूचीपत्र वाचल्यासारखं होतं.

शेवटी कात्री. ठेका मोडणाऱ्या ओळीनंतर हात आपोआप आणखी एक ओळ लिहितो, ‘असं हे झोपलेलं सरकार’ छापाची. टाळी तिथेच मिळेल असं वाटतं. खरं तर ती बिलाच्या ओळीलाच मिळणार असते आणि ही ओळ तिच्या आड येते. ती काढून टाका.