घट वजनात नव्हे, शुद्ध सोन्यात मोजा

दागिन्यांच्या ईआरपीमध्ये कारागिराचे खाते केवळ एकूण वजनावर ठेवले, तर खरी घट लपून राहते. समजा, कारागिराला ९१.६ टक्के शुद्धतेचे १०० ग्रॅम सोने दिले, म्हणजे ९१.६०० ग्रॅम शुद्ध सोने त्याच्या नावे पडले. त्याने त्याच शुद्धतेचा ९६ ग्रॅमचा दागिना आणि २.५ ग्रॅम चुरा परत केला. वजनाने घट दीड ग्रॅम, म्हणजे शुद्ध सोन्यात १.३७४ ग्रॅम, दिसते. परंतु डाख आणि मळ मिसळलेल्या त्या चुऱ्याचा टंच ७५ टक्केच निघाला, तर परत आलेले शुद्ध सोने ८७.९३६ अधिक १.८७५, म्हणजे ८९.८११ ग्रॅम ठरते आणि खरी घट १.७८९ ग्रॅम होते. म्हणून चुऱ्याचा टंच काढल्याशिवाय पावती नोंदवताच येऊ नये, अशी अट प्रणालीत घालावी. कारागीर कुरकुरतील, पण ती हवीच.

विक्रीच्या वेळी ग्राहकाकडून आकारलेली घट मात्र घडणावळीप्रमाणे केवळ रकमेची ओळ असते. ती साठ्यातून वजा केली, तर दागिना बनताना नोंदलेली घट दुसऱ्यांदा वजा होते आणि तिजोरीतले सोने पुस्तकी साठ्यापेक्षा जास्त भरते.