जुना कीबोर्ड घेण्याआधी: सगळ्या कळा हिरव्या, तरी E दोनदा

हॉट-स्वॅप, म्हणजे कळांखालचे स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता येणारा, मेकॅनिकल कीबोर्ड जुना घ्यायचा होता, म्हणून विक्रेत्याकडे लॅपटॉप घेऊनच गेलो. ब्राउझरमधल्या कीबोर्ड टेस्टरवर एकेक कळ दाबली, सगळ्या हिरव्या झाल्या. (Fn तिथे उमटत नाही, ती बहुधा कीबोर्डच्या आतच हाताळली जाते. तिला मेलेली समजू नका.)

पण हिरवा रंग एवढंच सांगतो की कळ जिवंत आहे. एका दाबात दोन अक्षरं उमटतात का, हे त्यातून कळत नाही. म्हणून नोटपॅड उघडून प्रत्येक अक्षर सावकाश वीस वेळा दाबलं. E तेवीस वेळा उमटला! कळ दाबून धरली तरी अक्षरं वाढतात, पण ती थोडं थांबून. इथे दुसरं अक्षर बोट टेकताक्षणीच येत होतं.

दोष स्विचचा की आतल्या सर्किट बोर्डाचा? विक्रेत्याला विचारून E आणि Pause चे स्विच चिमट्याने अदलाबदल केले. E सुधारला, आता Pause टेस्टरच्या नोंदीत दोनदा दिसू लागला. म्हणजे स्विचच खराब, बोर्ड ठणठणीत. भाव थोडा कमी करून घेतला आणि घरी येऊन तेवढा एक स्विच बदलला. स्विच सोल्डर केलेले असते, तर मी हा कीबोर्ड घेतलाच नसता.