फ्रँचायझीचं ब्रोशर छापायच्या आधी या चुका टाळा

माझं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, आणि मागच्या वर्षी मामेभाऊ त्याच्या चहाच्या ब्रँडचं ब्रोशर घेऊन आला. तीन दुकानं नीट चालू होती, आता फ्रँचायझी द्यायची होती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'फक्त दीड लाखात दुकान, महिन्याला 60,000 पर्यंत कमवा!' आणि खाली मुंगीएवढं 'अटी लागू'. मी म्हटलं, बस, आधी हे 60,000 कुठून आले ते सांग.

तर ते असे आले. त्याच्या बसस्टँडजवळच्या दुकानात रोज 400 कप जातात, कप 10 रुपयांचा, म्हणजे महिन्याचा गल्ला 1,20,000. दूध, साखर, पत्ती, गॅस, कागदी कप धरून कपामागे 5 रुपये खर्च, उरले 60,000. झालं, हीच कमाई! पण भाडं 6,000, दोन पोरांचा पगार 20,000, लाईट बिल अडीच हजार कुठं गेलं? आणि 5 टक्के रॉयल्टी, जी विक्रीवर लागते, नफ्यावर नाही, ती 6,000. सगळं वजा केलं तर हातात 25,500. या दुकानात मामी स्वतः गल्ल्यावर बसते, तिचा पगार कुठंच धरला नव्हता ते वेगळंच.

म्हणून पहिली चूक हीच, मालखर्च वजा केला की त्याला 'कमाई' म्हणायचं. आणि 'पर्यंत' लिहिलं म्हणजे आपण सुटलो असं समजू नका, वाचणारा आकडाच वाचतो.

आता तेच दुकान छोट्या गावात 250 कपांवर चालवून बघा. रॉयल्टी आणि मालखर्च काढून कपामागे साडेचार रुपये उरतात, महिन्याचे 33,750, त्यातून भाडं, पगार, लाईटचा ठरलेला 28,500 खर्च गेला की 5,250. दिवसाला साधारण 211 कप गेले नाही तर घरातून पैसे घालावे लागतात. हा 211 चा आकडा ब्रोशरमध्ये छापायलाच पाहिजे असं माझं मत, कारण घेणाऱ्याला आपल्या चौकात उभं राहून तो मोजता येतो. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये 45 डिग्रीत दुपारी चहा कोण पितो, लोक रसवंतीवर जातात, तर हिवाळ्यात कापूस विकून हातात पैसे आले की आठवडी बाजाराच्या दिवशी कप धुवायला फुरसत नसते. म्हणून सरासरी बारा महिन्यांची घ्या, चांगल्या महिन्याची नको.

आम्ही वाक्य असं बदललं: 'आमच्या बसस्टँडजवळच्या, चार वर्षं जुन्या दुकानात रोज सरासरी 400 कप विकले गेले तेव्हा भाडं, पगार, लाईट, रॉयल्टी जाऊन महिन्याला सुमारे 25,500 उरले, मालकाच्या घरच्यांची मेहनत यात धरलेली नाही. 250 कप गेले तर सुमारे 5,250 उरतील, 211 च्या खाली तोटा.' हे आकड्याच्या शेजारीच, त्याच अक्षरात. 2022 च्या फसव्या जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना पण हेच सांगतात, खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये पाहिजे, आणि खुलाशानं चुकीचा दावा सुधारता येत नाही.

भाऊ तोंड वाकडं करून म्हणे, 'दादा, असं लिवलं तं फोनच नाही येनार.'

मग दीड लाखाकडं वळलो. दीड लाख ही फक्त फ्रँचायझी फी होती. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 27,000, आणि छोट्या दुकानदाराला तो बहुतेक परत मिळत नाही. काउंटर आणि बोर्ड 1,60,000, फ्रीज-भांडी-मशीन 65,000, दुकानाचं डिपॉझिट 50,000, पहिला माल 25,000, नागपूरहून आणायचं भाडं 12,000. आणि जे कोणीच लिहीत नाही, पहिले तीन महिने गिऱ्हाईक जमेपर्यंतचा खर्च 85,500. एकूण 5,74,500. यातलं डिपॉझिट परत मिळणारं, बाकी गेलं, तेही समोर लिहा. 'फक्त' हा शब्द मी सरळ काढला. काउंटरचा भाव गावागणिक बदलतो, तर 'सुमारे' लिहा आणि कोणत्या महिन्याचा भाव तेही लिहा.

'सहा महिन्यात पैसे वसूल' ही ओळ होती ती तर हिशोब केल्यावर त्यानंच खोडली. 400 कपांवर साधारण साडेबावीस महिने लागतात, 250 वर नऊ वर्षांच्या वर.

शेवटी बंद पडलेल्या दुकानाचा विषय. त्याचं चौथं दुकान सात महिन्यात बंद झालं होतं आणि ब्रोशरमध्ये त्याचं नावच नव्हतं. चालू दुकानांचीच सरासरी काढली तर ती चांगलीच येणार न! आम्ही एक ओळ टाकली, चार उघडली, एक बंद, कारण जागा शाळेसमोर होती आणि सुट्यांत दोन महिने धंदा नव्हता.

500 प्रती छापल्या. फोन कमी आले हे खरं, पण जे आले त्यातल्या एकानं सरळ विचारलं, 'आमच्या स्टँडवर सकाळी मी 180 मोजले, मग घ्यावं का नाही?' भावानं त्याला नाही सांगितलं.