मूळ मृत्युपत्र कुठे ठेवायचं आणि कुणाला सांगायचं

मृत्युपत्र करताना आपण मजकुराची खूप काळजी घेतो. कुणाला काय द्यायचं, साक्षीदार कोण, सही प्रत्येक पानावर आहे ना, हे सगळं पाहतो. मग ते पाकिटात घालून कपाटात, साड्यांच्या घडीखाली नाहीतर फायलींच्या मागे ठेवतो आणि काम झालं असं समजतो. पुढे भांडण उभं राहतं ते बऱ्याचदा या शेवटच्या कृतीवरून. मृत्युपत्र मिळालं नाही, तर ते केलं होतं की नाही एवढ्यावर वाद थांबत नाही. शेवटचं ते कुणाच्या ताब्यात होतं, हा प्रश्न येतो.

एक उदाहरण घेऊ. एक विधवा बाई, त्यांना सुशीलाताई म्हणू. राहतं घर त्यांच्या स्वतःच्या नावावर. मुलगा त्यांच्याजवळ राहतो, मुलगी दुसऱ्या गावी असते आणि आजारपणात वर्षानुवर्षं सेवा केली ती भाचीने. सुशीलाताईंनी चार पानी मृत्युपत्र करून घराचे तीन समान हिस्से केले: मुलगा, मुलगी, भाची. दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि कागद स्वतःच्या कपाटात ठेवला. त्या गेल्यावर कपाटात कागद सापडलाच नाही. मुलगा आणि मुलगी हयात असताना भाचीला वारसाहक्क नाही, म्हणजे मृत्युपत्राशिवाय तिचा हिस्सा शून्य. भाची कोर्टात म्हणेल, कुणीतरी लपवलं. समोरून उत्तर येईल, मामीने, म्हणजे सुशीलाताईंनीच, मन बदललं आणि फाडून टाकलं.

दुसरं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने हलकं नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ७० प्रमाणे, रद्द करण्याच्या इराद्याने मृत्युपत्र जाळलं किंवा फाडलं की ते रद्द होतं. म्हणून जे मृत्युपत्र शेवटपर्यंत करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर सापडत नाही, ते त्यानेच नष्ट केलं असावं असं अनुमान कोर्ट काढू शकतं. ते खोडता येतं, पण खोडण्याचा भार भाचीवर येतो. तेच मृत्युपत्र दुसऱ्याच्या ताब्यात होतं आणि तिथून गेलं, तर हे अनुमान सहसा उभंच राहत नाही. जागा निवडताना हा फरक सगळ्यात आधी लक्षात घ्यावा.

पहिली पायरी: कुणाचा फायदा, ते आधी ठरवा

कागद नाहीसा झाला तर कुणाला जास्त मिळेल, हे एका कोऱ्या कागदावर लिहून काढा. सुशीलाताईंच्या बाबतीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही तिसऱ्याऐवजी निम्मा हिस्सा मिळतो. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याला कागद नसण्याने फायदा होतो, त्याच्या एकट्याच्या हातात तो ठेवू नये. उद्या प्रामाणिकपणे हरवला तरी संशय त्याच्यावरच येईल, आणि ते त्याच्यावरही अन्याय करणारं आहे.

दुसरी पायरी: जागा निवडा

ज्या घरात सगळ्यांची ये-जा आहे तिथलं कपाट ही सगळ्यात कच्ची जागा. बँकेचं लॉकर त्यापेक्षा सुरक्षित, पण त्यात एक अडचण आहे. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल आणि नामनिर्देशन केलेलं नसेल, तर तुमच्यानंतर ते उघडायला वारसांना बँकेची सगळी दाव्याची प्रक्रिया पार पाडावी लागते. वारस कोण हे सांगणारा कागद मात्र आत पडलेला असतो. लॉकरच वापरायचं असेल तर ते विश्वासू व्यक्तीबरोबर ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीचं करा, नाहीतर निदान नामनिर्देशन नक्की करा. त्या व्यक्तीचं नाव पहिल्या पायरीच्या यादीत नसावं.

वकिलाकडे ठेवायचं असेल तर तारीख, पानांची संख्या आणि ‘मूळ प्रत’ हे शब्द असलेली पोच लेखी घ्या. वकील निवृत्त झाले किंवा त्यांचं कार्यालय बंद झालं, तर कागद कुठे जाईल हेही विचारून ठेवा.

याहून भक्कम सोय नोंदणी अधिनियम, १९०८ मध्येच आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. कलम ४२ प्रमाणे कुणालाही आपलं मृत्युपत्र सीलबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवायला देता येतं. इथे निबंधक म्हणजे जिल्ह्याचा निबंधक. आपण दस्त नोंदवायला जातो तो दुय्यम निबंधक नव्हे. पाकिटावर तुमचं नाव आणि आत काय आहे ते लिहायचं. निबंधक ओळख पटवून घेतो, पाकिटावरचा मजकूर पुस्तक क्र. ५ मध्ये उतरवतो, दिवस आणि वेळ नोंदवतो आणि पाकीट अग्निरोधक पेटीत ठेवतो. आतला मजकूर तो वाचत नाही. तुम्ही हयात असेपर्यंत ते पाकीट फक्त तुम्ही किंवा तुम्ही रीतसर अधिकार दिलेला प्रतिनिधी परत मागू शकतो. सुशीलाताईंनी असं केलं असतं, तर कागद कुणाच्या ताब्यात होता याला सरकारी नोंदीचा पुरावा असता.

याच्या मर्यादाही माहीत हव्यात. तुम्ही गेलात म्हणून निबंधक कुणाला शोधत येत नाही. कुणीतरी मृत्यूची खात्री पटेल असा अर्ज द्यावा लागतो. मग पाकीट अर्जदारासमोर उघडलं जातं, त्याच्या खर्चाने मजकूर पुस्तक क्र. ३ मध्ये उतरवला जातो आणि मूळ कागद पुन्हा निबंधकाकडेच राहतो. कोर्टाला हवा असेल तर कोर्ट तो मागवतं. म्हणून ही जागा निवडलीत तरी ‘कुणाला सांगायचं’ हा प्रश्न उरतोच, उलट जास्त महत्त्वाचा होतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. मृत्युपत्राची नोंदणी करणं आणि ते ठेवायला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली की मूळ कागद शिक्के मारून तुम्हाला परत मिळतो. मजकूर कार्यालयाच्या पुस्तकात राहतो आणि करणाऱ्याच्या मृत्यूनंतर कुणीही अर्ज करून त्याची नक्कल घेऊ शकतं, आधी नाही. हरवण्याविरुद्ध हा मोठा आधार आहे. पण मूळ कागद कुठे ठेवायचा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

तिसरी पायरी: मूळ प्रत एकच, नक्कल मात्र नीट

दोन मूळ प्रती करून दोन ठिकाणी ठेवणं सुरक्षित वाटतं, पण त्यातून घोळ होतो. तुमच्याजवळची प्रत सापडली नाही, तर तुम्ही ती रद्द करण्यासाठीच फाडली आणि दुसरीही रद्द झाली, असा वाद घालायला जागा मिळते. सह्या मूळ शाईच्या असाव्यात अशी एकच प्रत करा. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तिची पूर्ण छायाप्रत काढा. सहीच्या आधीची छायाप्रत फारशी कामाची नाही. छायाप्रतीच्या पहिल्या पानावर पेनाने ‘नक्कल, मूळ प्रत अमुक ठिकाणी’ असं लिहा.

या नकलेला कायद्यात खरंच किंमत आहे. १९२५ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २३७ प्रमाणे, मृत्यूनंतर हरवलेल्या, किंवा करणाऱ्याच्या कृतीने नव्हे तर अपघाताने अथवा दुसऱ्याच्या गैरकृत्याने नष्ट झालेल्या मृत्युपत्राची नक्कल किंवा मसुदा जपलेला असेल, तर त्यावरून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मिळू शकतं. भाचीकडे अशी नक्कल असती, तर तिच्या बोलण्याला हातात धरता येईल असा आधार असता.

मूळ प्रत हाताळताना एक बारीक गोष्ट पाळा. पानांची टाचणी पुन्हा पुन्हा काढू नका. कोपऱ्यात टाचणीची दोन जादा भोकं दिसली की मधलं पान बदललं असा आरोप करायला समोरच्या वकिलाला पुरतं. छायाप्रत काढतानाही पानं सुटी न करता उलटून काढा. लॅमिनेशन करू नका, सहीखालचा कागद आणि शाई तपासता येत नाही.

चौथी पायरी: कुणाला सांगायचं

मजकूर सांगणं आणि अस्तित्व सांगणं यात फरक करा. मजकूर शेवटपर्यंत गुप्त ठेवता येतो, पण मृत्युपत्र आहे हे जितक्या जास्त लोकांना ठाऊक, तितकं ते दडपणं कठीण. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्या वारसांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगावं की मृत्युपत्र केलेलं आहे. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर तिथेच संशयाची बी पडते.

ठिकाण मात्र किमान दोघांना सांगा आणि त्या दोघांचा फायदा एकाच बाजूला नसावा. पहिली व्यक्ती एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला तुम्ही नेमलेला माणूस. दुसरी, कागद गेला तर जिचं सगळ्यात जास्त नुकसान होईल ती. इथे ती भाची. दोघांना अशी चिठ्ठी द्या:

‘मी दिनांक … रोजी चार पानी मृत्युपत्र केले आहे. मूळ प्रत … जिल्ह्याच्या निबंधकाकडे सीलबंद ठेवली असून पुस्तक क्र. ५ मधील नोंद … अशी आहे. साक्षीदार: … (पत्ता व फोन). हे याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द करून केलेले आहे.’

साक्षीदारांचे पत्ते मुद्दाम लिहायचे. मूळ कागद सापडला तरी तो सिद्ध करायला साक्षीदार लागतात, आणि वीस वर्षांनी ते कुठे राहतात हे कुणालाच आठवत नाही.

पाचवी पायरी: बदल केलात तर मागे जाऊन सांगा

नवीन मृत्युपत्र केलं की जुनी चिठ्ठी ज्यांच्याकडे आहे त्यांना नवी द्या आणि जुनी परत घ्या. निबंधकाकडे जुनं पाकीट असेल तर तेही काढून घ्या, नाहीतर तुमच्यामागे कुणीतरी तेच उघडून शेवटचं म्हणून पुढे करील.

कुणीतरी दडवलं आहे असं वाटलं तर

जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर अमुक एकाकडे मृत्युपत्र आहे अशी शंका असेल, तर भांडण करत बसू नका, त्याने कागदच नाहीसा होऊ शकतो. १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६७ खाली जिल्हा न्यायाधीश त्या व्यक्तीला कागद कोर्टात हजर करायचा आदेश देऊ शकतात. कागद तिच्याकडे असल्याचं सिद्ध नसेल, पण तिला माहिती आहे असं मानायला कारण असेल, तर तिला बोलावून तिची तपासणीही करू शकतात. अर्जाबरोबर लागेल ती माहिती तीच: मृत्युपत्राची तारीख, साक्षीदार, कागद शेवटचा कुणी आणि कुठे पाहिला. चौथ्या पायरीतली चिठ्ठी हातात असेल, तर ही माहिती एका पानावर तयार असते. मृत्युपत्र अप्रामाणिकपणे नष्ट करणं किंवा दडवणं हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३४३ खाली गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाऊ शकते. हे कलम घरातल्या मंडळींना कागद करतानाच, शांतपणे, सगळ्यांसमोर वाचून दाखवायला हरकत नाही.