ॲपवर नेसलेल्या पैठणीचा रंग पाहा, पोत नाही

लग्नाच्या खरेदीसाठी पैठण किंवा संभाजीनगरला जाणं जमत नाही, म्हणून बऱ्याच जणी आपल्या फोटोवर साडी चढवून बघतात. त्या चित्रातलं कापड ॲपने नव्याने रंगवलेलं असतं, म्हणून असं तपासा:

१. खिडकीच्या उजेडात, केस मागे घेऊन, अंगासरशा कपड्यात फोटो काढा. ढगळ ओढणी असली की खांद्यावरचा पदर हमखास बिघडतो.

२. तयार चित्र दुकानाच्या मूळ फोटोशेजारी ठेवा आणि पदरावरचे मोर मोजा. मूळ फोटोत चार आणि चित्रात तीन, किंवा निऱ्यांपाशी काठ मध्येच बारीक झाला, तर नक्षी ॲपच्या मनची आहे. अशा चित्रातून फक्त रंग चेहऱ्याला खुलतो का, एवढंच ठरवा.

३. धूपछाँव साडीचा रंगही चित्रावरून ठरवू नका. ताणा हिरवा आणि बाणा लाल असेल तर कापड हलताना रंग पालटतो. चित्रात त्यातला एकच दिसतो.

४. दुकानदाराकडून दिवसाउजेडी व्हिडिओ मागवा: पदर हातावर टाकून हलवायचा, मग उलटा करून दाखवायचा. वजन, चुण्या आणि जरीची चमक तिथेच कळते. हातमागाच्या पैठणीत नक्षी उलट बाजूनेही स्वच्छ असते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

चित्रातल्या ब्लाउजच्या बसण्यावर मात्र शिवायला टाकू नका. ॲपला तुमची छाती, दंड किंवा मुंढा माहीत नसतो. शिंप्याकडे माप द्याच.